सहकारी बँकेतून राजीनामा देतोय, पत्राचा मसुदा टाकलाय, सोमवारच्या आत बघून सांगा (नाशिक)

गोदाकाठचा_क्लार्क · 24 मे 2025, सकाळी 10:20

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या एका सहकारी बँकेत क्लार्क आहे, शाखा पंचवटी भागात. 17 ऑगस्ट 2020 ला लागलो, कोविडच्या ऐन दिवसांत, पहिली दोन वर्षं कॅश काउंटर आणि आता क्लीअरिंग आणि कर्जाची कागदपत्रं. बेसिक अधिक डीए 20,800, ग्रॉस 27,000, पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून हातात 24 हजारांच्या आसपास येतात.

गंगापूर रोडच्या एका स्टार्टअपकडून ऑफर आलीये. द्राक्ष आणि कांद्याच्या व्यापाऱ्यांची कागदपत्रं तयार करून त्यांना खेळतं भांडवल मिळवून द्यायचं काम, मला केवायसी आणि कर्जाच्या फायली बघायच्यात. एकूण चौदा जण आहेत. सीटीसी 5 लाख 40 हजार. त्यांना मी 1 जुलैला हवाय. आमच्या सेवानियमात तीन महिन्यांची नोटीस आहे. ते म्हणतात उरलेल्या दिवसांचे पैसे बँकेला भरून टाक, आम्ही सहा महिन्यांनी तुला ते परत देऊ.

घरी सगळ्यांशी बोलून झालंय, बायकोचा पाठिंबा आहे, वडिलांचा नाहीये पण त्यांनी अडवलंही नाही. त्यामुळे सोडू की नको हा प्रश्न नाही. पत्र सोमवारी द्यायचंय. मसुदा असा:

> प्रति, मा. शाखाधिकारी.
> मला दुसऱ्या संस्थेत चांगली संधी मिळाली असल्याने मी माझ्या लिपिक पदाचा तात्काळ राजीनामा देत आहे. गेली दोन वर्षे शाखेत मनुष्यबळ कमी असल्याने माझ्यावर कामाचा फार ताण पडला व वारंवार सांगूनही दखल घेतली गेली नाही. तरी मला दि. 30 जून 2025 रोजी कार्यमुक्त करावे. उर्वरित नोटीस कालावधीचा पगार माझ्या येणे रकमेतून कापून घ्यावा, त्यास माझी कोणतीही हरकत नाही.

काही बदलायला हवं का?

जुना_खातेदार · सकाळी 10:41

अरे पक्की नोकरी सोडून चौदा माणसांच्या कंपनीत कशाला जातोस, सहकारी बँकेत चिकटायला लोक रांगा लावतात. माझ्या मेहुण्याने असंच केलं आणि दीड वर्षात परत घरी बसला. लग्न झालंय, जबाबदारी आहे. अजून विचार कर.

गोदाकाठचा_क्लार्क · सकाळी 10:50

काका तुमची काळजी समजते, पण ते ठरलंय. फक्त पत्राबद्दल विचारतोय.

सातपूरकर · सकाळी 11:05

पत्र ठीक आहे, तक्रारीचं वाक्य तेवढं काढ. आणि एकदा दिलं की परत घेता येत नाही हे लक्षात ठेव, म्हणून ऑफर लेटर सहीचं हातात आल्याशिवाय देऊ नको. ग्रॅच्युइटीचं विसर, पाच वर्षं पूर्ण नाहीत.

आस्थापना_टेबल · सकाळी 11:48

थांबा, हे पत्र असं देऊ नका. मी 31 वर्षं सहकारी बँकेत होतो, त्यातली शेवटची अकरा वर्षं आस्थापना विभागात, अशी पत्रं माझ्याच टेबलावर यायची. सावकाश लिहितो.

सगळ्यात आधी तारीख बघा. तुम्ही 17 ऑगस्ट 2020 ला लागलात म्हणजे 16 ऑगस्ट 2025 ला तुमची पाच वर्षं पूर्ण होतात. सोमवारी 26 मेला पत्र दिलं तर तीन महिन्यांची नोटीस 25 ऑगस्टला संपते. नोटीसचा काळ हा नोकरीचाच काळ असतो, तुम्ही रोज हजेरी लावता, पगार घेता, त्यामुळे तो सेवेत धरला जातो. म्हणजे नोटीस पूर्ण केलीत तर नऊ दिवसांनी पाच वर्षं ओलांडून बाहेर पडता आणि 30 जूनला निघालात तर दीड महिना कमी पडतो.

आता पैसे मोजू. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक अधिक डीएवर धरतात, महिन्याचे 26 दिवस मानून दर वर्षाला 15 दिवसांचा पगार. तुमचे 20,800 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 800, पंधरा दिवसांचे 12,000, पाच वर्षांचे 60,000. तुम्ही एका वाक्यात हे साठ हजार सोडून देताय.

वरून नोटीसचे पैसे. 1 जुलै ते 25 ऑगस्ट हे 56 दिवस राहतात. तुमच्या सेवानियमात नोटीस पे ग्रॉसवर असेल तर दिवसाला 900 प्रमाणे 50,400 होतात, बेसिक डीएवर असेल तर 38,800 च्या आसपास. कशावर आहे ते नियमात बघा. तुम्ही मात्र कसलाही आकडा न बघता ‘कापून घ्यावा, हरकत नाही’ असं लिहून दिलंय. माझ्या टेबलावर असं पत्र आलं असतं तर मला तुमच्या बाजूने काही करताच आलं नसतं, कारण मालकाने न मागता तुम्हीच सही करून दिलेलं असतं.

गोदाकाठचा_क्लार्क · दुपारी 12:06

बापरे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं नोटीस द्यायची तारीख धरतात, पाच वर्षं राजीनामा देताना पूर्ण असायला लागतात.

आस्थापना_टेबल · दुपारी 12:15

नाही, नोकरी संपते ती तारीख धरतात. आता एक उलट विचारतो. तुमच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर काय शब्द आहे, ‘शिकाऊ’ की ‘परिविक्षाधीन’? परिविक्षेचा काळ सेवेत धरतात, पण ग्रॅच्युइटी कायद्यात अप्रेंटिस हा कर्मचारी धरलेला नाही. ऑर्डरवर शिकाऊ असलं तर बँक पहिलं वर्ष वगळायचा प्रयत्न करू शकते आणि मग सगळं गणित बदलतं. कागद काढून बघा.

गोदाकाठचा_क्लार्क · दुपारी 12:40

काढला. ‘परिविक्षाधीन लिपिक, कालावधी सहा महिने’ असं आहे, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये कायम केल्याचं पत्र वेगळं आहे.

आस्थापना_टेबल · दुपारी 12:44

मग ठीक. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.

कोर्ट_रोड · दुपारी 1:10

सातपूरकरांचं आणि आस्थापनांचं दोन्ही थोडं दुरुस्त करतो. चार वर्षं आणि पाचव्या वर्षात 240 दिवस काम झालं तरी पाच वर्षं धरायची असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे. याचे 17 ऑगस्ट 2024 पासून 30 जूनपर्यंत 318 दिवस होतात, पगारी सुट्ट्या धरून 240 सहज पार होतील. म्हणजे 30 जूनला निघाला तरी हक्क सांगता येतो. आणि राजीनामा परत घेता येत नाही हे पूर्ण बरोबर नाही, पुढची तारीख टाकलेली असेल तर ती तारीख यायच्या आत परत घेता येतो, सुप्रीम कोर्टाचे तसे निकाल आहेत.

आस्थापना_टेबल · दुपारी 1:32

240 चं बरोबर आहे, पण तो हक्क भांडून मिळवायचाय. बँक सरळ लिहून देते की पाच वर्षं पूर्ण नाहीत, मग कंट्रोलिंग अथॉरिटीकडे अर्ज, तारखा, आणि मद्रासचा निकाल इथे मान्य होईल का यावर वाद. 17 ऑगस्टनंतर बाहेर पडलं तर हे काहीच करावं लागत नाही. नव्या नोकरीत पहिल्या सहा महिन्यांत तारखेला हजर राहायला सुट्टी कुठून आणणार?

राजीनामा मागे घ्यायचं म्हणाल तर हो, घेता येतो, पण मंजुरी झाल्यावर आणि तारखेच्या आधी अशा मधल्या काळात सेवानियम काय म्हणतो त्यावर भांडणं झालेली मी पाहिलीत. त्यावर विसंबून पत्र देऊ नये, एवढं सातपूरकरांचं खरं.

द्राक्षवेल · दुपारी 2:20

मला एक शंका आहे. तीन महिन्यांची नोटीस दिल्यावर बँक म्हणाली की उद्यापासून येऊ नको, तुझा राजीनामा मंजूर, तर? म्हणजे 16 ऑगस्टच्या आधीच मोकळं केलं तर? मुद्दाम करतात का असं?

आस्थापना_टेबल · दुपारी 3:05

चांगला प्रश्न आहे आणि म्हणूनच पत्रातलं ‘तात्काळ’ हा सगळ्यात महाग शब्द आहे. तात्काळ लिहिलं की बँक दुसऱ्या दिवशी मोकळं करून म्हणू शकते की तुम्हीच मागितलं होतं. त्याऐवजी स्पष्ट तारीख टाका, ‘दि. 25 ऑगस्ट 2025 रोजीचे कामकाज संपल्यानंतर’. मग आधीच्या तारखेने मोकळं केलं तर तो तुम्ही दिलेला राजीनामा मंजूर केला असं होत नाही, बँकेने स्वतःहून काढलं असं म्हणता येतं. पण काही बँकांच्या नियमात ‘नोटीसचा पगार देऊन व्यवस्थापन आधी कार्यमुक्त करू शकेल’ अशी ओळ असते. तशी असेल तर काय धरतात यावर मी खात्रीने बोलणार नाही. क्लार्कच्या बाबतीत असं क्वचित होतं, कारण शाखेत माणसं कमी असतात आणि मॅनेजरला तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत हवेच असता.

गोदाकाठचा_क्लार्क · दुपारी 3:30

नियमांची प्रत शाखेत आहे, सोमवारी ती ओळ आधी बघतो आणि मगच पत्र देतो. पण स्टार्टअपला 1 जुलै हवाय, ते ऐकतील का?

सातपूरकर · दुपारी 3:52

पैशाचं त्यांच्यासमोर मांड ना सरळ. दोन महिने लवकर गेल्याने तुला जास्त मिळणार किती? सीटीसी 5 लाख 40 म्हणजे महिना 45 हजार हातात नाही येत, ब्रेकअप टाक इथे.

गोदाकाठचा_क्लार्क · संध्याकाळी 4:15

व्हेरिएबल 60,000, कंपनीचा पीएफ 21,600, ग्रॅच्युइटी 11,544 हे सगळं सीटीसीत धरलंय. बाकी 4,46,856 म्हणजे महिना 37,238, त्यातून माझा पीएफ 1,800 आणि पीटी 200 गेले की 35,200 च्या आसपास हातात.

सातपूरकर · संध्याकाळी 4:24

मग झालं, महिन्याला 11 हजारांचा फरक, 56 दिवसांचे वीस हजार जास्त. त्यासाठी तू 60 हजारांची ग्रॅच्युइटी अडकवणार आणि नोटीसचे 40-50 हजार खिशातून भरणार, आणि ते परत मिळणार सहा महिन्यांनी, तेही ऑफर लेटरमध्ये लिहिलंय का फक्त फोनवर सांगितलंय? ग्रॅच्युइटीचं मी चुकीचं बोललो होतो, मान्य आहे.

पाथर्डी_फाटा · संध्याकाळी 5:02

माझी गोष्ट सांगते, थोडी वेगळी आहे पण उपयोगी पडेल. मी पुण्यात एका छोट्या स्टार्टअपमध्ये होते, तिथेही सीटीसीत कंपनीचा पीएफ लिहिला होता, दर महिन्याला माझ्या पगारातूनही कापायचे. आठ महिन्यांनी यूएएनवर लॉगिन करून पासबुक बघितलं तर एक रुपया जमा नाही, कंपनीची पीएफमध्ये नोंदणीच नव्हती. वीसपेक्षा कमी माणसं असली तर सक्ती नसते, स्वतःहून नोंदणी करता येते पण यांनी केली नव्हती. पैसे मिळाले शेवटी, पण तीन महिने मागे लागून. तुमचे चौदा जण आहेत म्हणून लिहिलं. जॉईन व्हायच्या आधी त्यांचा पीएफ कोड मागून घ्या, देणाऱ्याला दोन मिनिटं लागतात.

गोदाकाठचा_क्लार्क · संध्याकाळी 5:20

ताई खूप आभार, हे आजच मेलवर विचारतो.

निफाडचा_कॅशियर · रात्री 8:45

दिवसभर कॅशवर होतो, आत्ता वाचलं. सगळे पत्रावर बोलतायत पण सेवकांच्या पतसंस्थेचं कोणी काढलं नाही. तुमच्याकडे सेवकांची पतसंस्था असेलच. तू स्वतः कर्ज घेतलंय का आणि कोणाला जामीन आहेस का? माझं कार्यमुक्ती पत्र 2019 मध्ये पाच आठवडे यावरून अडलं होतं. मी स्वतः कर्जमुक्त होतो, पण सातपूर शाखेतल्या एका सहकाऱ्याला जामीन होतो, ते मी विसरूनही गेलो होतो. नो ड्यूजवर पतसंस्थेची सही लागते आणि सेक्रेटरी म्हणाले दुसरा जामीनदार आणा मगच.

गोदाकाठचा_क्लार्क · रात्री 9:10

माझं 80 हजारांचं कर्ज होतं ते मार्चमध्ये फेडलं. जामीन मात्र दोघांना आहे. एक माझ्याच शाखेतले वहिवाटदार, त्यांचं थोडं राहिलंय. दुसरा सिडको शाखेतला, त्याने 2023 मध्ये 3 लाख घेतलेत, अजून बरेच बाकी आहेत आणि तो सध्या बिनपगारी रजेवर आहे.

निफाडचा_कॅशियर · रात्री 9:22

तो दुसरा तुला त्रास देणार. तुझा पगार थांबला म्हणून तुझी जामिनकी संपत नाही, सही आहे ती आहेच. त्याचे हप्ते थकले तर पतसंस्था निबंधकाकडून कलम 101 चा वसुली दाखला काढते आणि त्यात कर्जदारासोबत जामीनदाराचं नाव असतं, तू कुठल्याही कंपनीत असलास तरी. आत्तापर्यंत वसुली पगारातून व्हायची म्हणून ते निवांत होते, तू गेलास की त्यांचा हात सुटतो, म्हणून ते जाताना धरतात. आजपासून कामाला लाग, त्या सिडकोवाल्याला भेट आणि बदली जामीनदार दे म्हण, लेखी अर्ज कर पतसंस्थेला. ऑगस्टमध्ये करायला गेलास तर सगळे गणपतीच्या मागे.

जुना_खातेदार · रात्री 9:40

म्हणूनच मी म्हणतो कोणाला जामीन राहू नये.

आस्थापना_टेबल · 25 मे, सकाळी 8:30

निफाडकरांनी महत्त्वाचं सांगितलं. रात्री पत्र नव्याने लिहून ठेवलंय, असं द्या:

> प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी.
> मार्फत: मा. शाखाधिकारी.
> विषय: लिपिक पदाच्या राजीनाम्याबाबत.
> महोदय, मी दि. 17 ऑगस्ट 2020 पासून बँकेच्या सेवेत लिपिक पदावर कार्यरत आहे. सेवानियमांनुसार तीन महिन्यांची नोटीस देऊन मी या पदाचा राजीनामा सादर करीत आहे. दि. 25 ऑगस्ट 2025 रोजीचे कामकाज संपल्यानंतर मला सेवेतून कार्यमुक्त करावे. माझ्याकडील कामाचा चार्ज बँक नेमून देईल त्या सेवकाकडे यादीसह सोपवीन. कार्यमुक्तीच्या वेळी कार्यमुक्ती पत्र, अनुभव दाखला व नियमांनुसार देय रकमा मिळाव्यात, ही विनंती. बँकेने दिलेल्या संधीबद्दल मी आभारी आहे.

कुठे जाताय ते लिहायची गरज नाही, ताणाचंही नको. ताण खरा असेल, पण राजीनाम्यात लिहिलेली तक्रार कोणी सोडवत नाही, फक्त फाईलला लागते आणि पुढे अनुभव दाखल्यावर सही करणारा माणूस तीच फाईल उघडतो.

मा. शाखाधिकारी यांना उद्देशून लिहिलंत ते चुकीचं होतं कारण मंजुरी त्यांच्या हातात नाही, पत्र मुख्य कार्यालयात जातं आणि स्टाफ कमिटीपुढे येतं. शाखेतच राहिलं तर महिनाभर ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि मग सांगतात की आम्हाला पत्र आजच मिळालं, नोटीस आजपासून धरा. म्हणून दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही तिथेच उभं राहून घ्या. ‘ठेवून जा, नंतर देतो’ म्हणाले तर हलू नका. तरीही नाही दिलं तर त्याच दिवशी पोस्टातून पोहोच पावतीसह मुख्य कार्यालयाला पाठवा.

कोर्ट_रोड · सकाळी 9:05

‘नियमांनुसार देय रकमा’ ऐवजी ग्रॅच्युइटी हा शब्द स्पष्ट लिहावा असं माझं मत आहे. नंतर कोणी म्हणायला नको की मागितलीच नव्हती.

आस्थापना_टेबल · सकाळी 9:21

मी लिहिणार नाही. त्याचा अर्ज वेगळा, नमुना आय मध्ये, नोकरी संपल्यावर तीस दिवसांत द्यायचा, आणि अर्ज नाही केला तरी बँकेची जबाबदारी जात नाही. राजीनाम्यात तो शब्द टाकला की आस्थापनावाला लगेच रुजू तारीख आणि शेवटची तारीख मोजायला बसतो, नऊ दिवसांचा फरक त्याला दिसतो. आधी मोकळं करायचा नियम त्यांच्याकडे असेल तर उगाच डोक्यात का भरवायचं?

कोर्ट_रोड · सकाळी 9:30

रुजू तारीख तर तुमच्या मसुद्यात पहिल्याच ओळीत आहे.

आस्थापना_टेबल · सकाळी 9:38

हे बरोबर पकडलंत. ती ओळ ‘मी बँकेच्या सेवेत लिपिक पदावर कार्यरत आहे’ एवढीच ठेवा, सेवक क्रमांक टाका, तारीख काढा.

गोदाकाठचा_क्लार्क · 26 मे, रात्री 9:50

सगळ्यांसाठी सांगतो काय झालं. सकाळी आधी सेवानियम वाचले. नोटीस पे बेसिक अधिक डीएवर आहे. आणि हो, द्राक्षवेल यांनी विचारलेली ती ओळ आमच्याकडे आहे, नोटीसचा पगार देऊन आधी मोकळं करू शकतात. ते वाचून पोटात गोळा आला, पण पत्र दिलं, रुजू तारीख काढून. शाखाधिकारी साहेब पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले क्लीअरिंगला दुसरं माणूस मिळेपर्यंत मी तुला कुठे सोडतोय. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि आजची तारीख मिळाली, शिक्का थोडा पुसट होता म्हणून परत मारून घेतला.

स्टार्टअपला दुपारी फोन केला, आकडे जसेच्या तसे सांगितले. ते दोन तास नाराज होते, संध्याकाळी मेल आला की 1 सप्टेंबर चालेल, पण मधल्या काळात दोन रविवार येऊन फायलींची पद्धत समजावून घे. नोटीस पे परत देण्याचं आता लागतच नाही. पीएफ कोड मात्र अजून दिलेला नाही, अकाउंटंटला विचारून सांगतो म्हणाले.

पाथर्डी_फाटा · रात्री 10:04

रविवारी जाणार असाल तर बँकेत नोकरी चालू असताना दुसरीकडे काम केलं असं व्हायला नको. सेवानियमात त्याची मनाई असते. त्यांना सांगा सप्टेंबरमध्येच शिकेन.

आस्थापना_टेबल · रात्री 10:15

ताईंचं ऐका. आधी मोकळं करायला बँकेला कारण हवं असेल तर तेच आयतं मिळेल.

गोदाकाठचा_क्लार्क · रात्री 10:22

बरं झालं सांगितलंत, उद्याच नाही म्हणून कळवतो.

पतसंस्थेचं सांगायचं राहिलं. शाखेतल्या वहिवाटदारांनी स्वतःच दुसरा जामीनदार बघतो म्हणून सांगितलं. सिडकोवाल्याच्या घरी संध्याकाळी गेलो होतो, त्याच्या आईचं ऑपरेशन झालंय, तो दवाखान्यात होता, बायको भेटली. ती रडायला लागली, मला कागद काढताच आला नाही. चहा घेऊन परत आलो.

निफाडचा_कॅशियर · रात्री 10:40

समजतं रे. आठवडाभर थांब, पण पतसंस्थेला तुझा अर्ज उद्याच दे, त्याला न सांगता नाही, फोन करून सांगून दे. आणि त्याचा उतारा काढून घे, नेमकं बाकी किती आहे आणि दुसरा जामीनदार कोण आहे ते आधी बघ.

गोदाकाठचा_क्लार्क · रात्री 10:47

दुसरा जामीनदार मागच्या वर्षी रिटायर झाला.